मालवणला जाताय? हवामानाचा तक्ता बघून होणाऱ्या या चुका टाळा

मालवण तालुक्यात समुद्रालगत आमच्या काकीचं चार खोल्यांचं न्याहारी निवास आहे. खोल्या झाडणं-पुसणं आणि स्वयंपाक तिचा, फोन घेणं माझ्याकडे, तेही डोंबिवलीत बसून. फोनवरचा पहिला प्रश्न बाराही महिने एकच असतो : "पाऊस आहे का हो तिकडे?" किंवा उन्हाळ्यात, "फार गरम होतं का?" उत्तर दिलं तरी त्या माणसाला काहीच कळलेलं नसतं, कारण तारकर्लीला चार दिवस कसे जातील हे पाऊस किती पडतो यावर फारसं ठरत नाही. होडी सुटते का, मासळी आली का, खानावळीचा आचारी गावाला गेला का आणि रस्त्याला किती वेळ लागणार, यावर ते ठरतं.

महिन्याच्या सरासरीवर भरवसा ठेवणं

मोबाइलवर जुलैचा स्तंभ सगळ्यात उंच दिसतो, ऑगस्टचा जरा कमी, सप्टेंबरचा त्याहून कमी. त्यावरून लोक हिशोब करतात की जुलै वाईट आणि ऑगस्टअखेर बरा. पण कोकणातला पाऊस महिनाभर सारखा पडत नाही. दोन-तीन दिवस धो धो कोसळतो, मग दिवसभर उघडीप. हवामान खात्याचा चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो. म्हणजे ७० मिलिमीटर हा 'जोरदार' पाऊस सगळा रात्री झोपेत पडून गेलेला असू शकतो आणि दिवस कोरडा. उलट दहा मिलिमीटरची भुरभुर दिवसभर चालली तर अंगणात पाय ठेवता येत नाही. आमच्याकडचे म्हातारे अजून नक्षत्रांवर बोलतात : मृग लागला, आर्द्रा बसली, हत्तीचा पाऊस जाता जाता झोडपून गेला. त्यांचं अनुमान दर वेळी खरं ठरतं असं नाही, पण पाऊस टप्प्याटप्प्याने येतो हे त्यात बरोबर धरलेलं आहे.

त्यात समुद्र बंद होतो तो पावसाने नव्हे, वाऱ्याने आणि लाटांनी. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कूबा, स्नॉर्कलिंगसारखे खेळ मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असतात. त्या दिवसांत निळं आकाश असलं तरी होडी सुटत नाही. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सप्टेंबरमध्येसुद्धा बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात. म्हणून पावसाचं विचारू नका. "काल होडी सुटली होती का?" हे विचारा. परवाचीही विचारा. दोन्ही दिवस 'नाही' असेल तर उद्याही बहुधा नाहीच.

पाण्याखाली काय दिसणार हा वेगळाच विषय. स्कूबावाले सप्टेंबरात सुरू झाले म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं होत नाही. कर्ली नदी देवबागेपाशी समुद्राला मिळते आणि पावसाळाभर तांबडं पाणी ओतत राहते. ते निवळायला दिवाळी उजाडते. डिसेंबर-जानेवारीतलं पाणी बघितलेला माणूस सप्टेंबरात परत पैसे मोजत नाही.

सणाची तारीख इंग्रजी कॅलेंडरात शोधणं

मला सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक ही. ती एका प्रसंगातूनच सांगतो.

२०२५ च्या जुलैत नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. नवरा-बायको, दोन मुलं. गणेश चतुर्थीची सुट्टी जोडून चार दिवस मोकळे मिळत होते, तक्त्यात पाऊस उतरणीला लागलेला, मासेमारीची बंदी उठलेली. सगळं जुळतंय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "अहो, त्या दिवसांत आमच्याकडे घरचा गणपती असतो." ते म्हणाले, "मग छानच की, आम्हालाही बघायला मिळेल." खोली मी दिली. इथे चूक माझीही होती, स्पष्ट बोलायला हवं होतं.

चतुर्थी २७ ऑगस्टला. ते २६ च्या संध्याकाळी गाडीने निघाले, म्हणजे मुंबई-ठाण्यातला सगळा कोकणी माणूस ज्या रात्री महामार्गावर असतो नेमक्या त्याच रात्री. एरवी बारा तासांचा रस्ता, त्यांना अठरा लागले. रेल्वेचा पर्याय नव्हताच. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. दरड आणि घसरडे उतार लक्षात घेऊन गाड्या हळू चालवतात. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी साधारण आठ तास घेते, पावसाळ्यात दहा, आणि आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. जुन्या वेळेवर कुडाळ स्टेशनला रिक्षा सांगून ठेवणारे म्हणूनच तासन् तास ताटकळतात.

पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. मुलांनी विचारलं, होडी कुठे? होडी बंद, ३१ ऑगस्टपर्यंत. मग जेवायला बसले. काकीने पान वाढलं : काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं, भात, उकडीचा मोदक. गृहस्थांनी हळूच विचारलं, "ताई, सुरमई नाही का?" काकी आत येऊन मला फोनवर म्हणाली, "घरात गणपती आसा, मासो खंयसून हाडू?" बाहेर जाऊन खावं तर मालवण बाजारातल्या ओळखीच्या खानावळींना कुलूप. आचारी, वाढपी सगळे आपापल्या गावी, दीड किंवा पाच दिवसांच्या गणपतीला. त्याआधी अख्खा श्रावण गेलेला. बंदी ३१ जुलैला उठली तरी श्रावण २३ ऑगस्टपर्यंत, आणि पाठोपाठ गणपती. म्हणजे मासळीच्या आशेने येणाऱ्याच्या पानात काही पडण्याची शक्यता तशी आधीपासूनच कमी होती.

ते कुटुंब चौथ्या दिवशी गेलं. नाराज नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

तेच कुटुंब पंधरा दिवसांनी आलं असतं तर? अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली, लगेच पितृपक्ष लागला, २१ ला सर्वपित्री. पितृपक्षात चाकरमानी परत गेलेला असतो, लग्नकार्य नसतं, नवरात्र अजून लागलेलं नसतं. रस्ता मोकळा, खोलीचे दर उतरलेले, होड्यांना परवानगी मिळालेली, मासळी बाजारात यायला लागलेली. पाऊस असतोच, पण भातखाचरं पोटरीला आलेली आणि कातळाचे सडे हिरवेगार. 'पितृपक्षात कुठे जातात का' असं म्हणणारे जितके जास्त, तितकी आमच्याकडे शांतता जास्त.

गणपतीतच यायचं असेल तर मात्र गणपतीसाठीच या. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधलेली कवंडळं, तेरडा, सुपारीचा घोस आणि आंब्याचे टाळ बघा, रात्री भजनाची मंडळी दारात आली की मांडी घालून बसा, उसळ खा. समुद्र आणि सुरमई हे दोन्ही शब्द घरी ठेवून या. आणि चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री सोडून प्रवास करा.

ही तारीख दर वर्षी सरकते हेही ध्यानात ठेवायला हवं. २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, आणि अधिक महिना आल्यामुळे २०२६ ला १४ सप्टेंबर. 'मागच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यात मस्त होतं' म्हणून यंदाही तेव्हाच यायचं ठरवलं की फसलात. तक्त्यात पाऊस दोन्ही वर्षी सारखाच दिसेल.

आंगणेवाडीची गोष्ट तर याहून गंमतीची. भराडी देवीच्या जत्रेला तिथीच नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, कधी फेब्रुवारीत, कधी मार्चच्या सुरुवातीला. लाखो माणसं येतात आणि मालवण-कणकवलीत झोपायला जागा मिळत नाही. फेब्रुवारीचं कोरडं, सुखद हवामान बघून आगाऊ आरक्षण करणाऱ्याने जत्रेची तारीख जाहीर झाली का, एवढं तरी विचारावं.

'मे महिन्यात फक्त ३३ अंश' असं समजणं

नागपूर, जळगावचे लोक हमखास यात अडकतात. त्यांच्या ४३ पुढे मालवणचे ३३ म्हणजे थंड हवेचं ठिकाण वाटतं. पण ३३ अंशांना ७० टक्के आर्द्रता जोडली की अंगाला चाळिशीच्या वरचं जाणवतं, कारण घाम येतो पण वाळत नाही. विदर्भातली रात्र तशी कोरडी तरी असते, इथली सव्वीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाही आणि चादर ओलसरच राहते. तक्त्यात कमाल तापमान बघू नका, किमान बघा. किमान पंचविसाच्या वर असेल तर एसीशिवाय झोप लागणार नाही, आणि एसी असला तरी वीज आहे का हा प्रश्न उरतोच. वळवाच्या पहिल्या सरीत, वाऱ्याने फांदी तारेवर पडली की दोन-चार तास अंधार ठरलेला.

दुसरं म्हणजे पाणी. एवढा पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, सगळं समुद्रात निघून जातं. आंघोळीला एकच बादली मिळाली म्हणून पाहुणे रुसतात, तेव्हा काकी त्यांना विहिरीपाशी नेऊन खाली बघायला लावते. बोलायची गरज पडत नाही.

मे मध्ये यायला माझी ना नाही. हापूस, फणस, करवंदं, रातांबे त्याच दिवसांत. पण दिवस दोन तुकड्यांत तोडा. किल्ल्याची पहिली होडी गाठा, तटावर सावली नावाला नाही, साडेदहापर्यंत परत या, मग चारपर्यंत पडवीत पडून राहा. आणि शेवटचा आठवडा टाळा. २०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच येऊन धडकला होता. आमच्याकडे त्या आठवड्यात तीन खोल्या भरलेल्या होत्या, चौथ्या खोलीत काकीने घाईघाईने उतरवलेले आंबे पेंढ्यात घातले होते.