'आज रात्री', 'उद्या', 'पुढच्या सोमवारी': परदेशात मेसेज पाठवताना या चुका टाळा

टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात मी सांगते, कॅलिफोर्नियाच्या क्लायंटला 'उद्या' असं लिहायचं नाही. समोरची मान डोलते. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याच माणसाचा मेसेज असतो, 'उद्या करून देतो'. कुणाचा उद्या, ते देवाला ठाऊक.

आधी साधा हिशोब बघा. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, कॅलिफोर्निया पुण्याच्या साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे जूनमध्ये पुण्यात दुपारचे साडेबारा वाजेपर्यंत तिकडे अजून कालचीच तारीख चालू असते. दोघांचा 'आज' एकच असतो तो फक्त दुपारी साडेबारा ते रात्री बारा, एवढाच वेळ. दिवसाचे साडेअकरा तास. आपण सकाळी ऑफिसात येऊन डबा खाईपर्यंत जेवढे मेसेज टाकतो, त्यातला प्रत्येक 'आज' त्यांच्या दृष्टीने 'उद्या' असतो. आणि त्यांनी संध्याकाळी लिहिलेला 'उद्या' हा आपला चालू दिवस असतो, तोही थोडासा संपलेला.

हे मला कुणी शिकवलं नाही, अंगावर आलं तेव्हा कळलं.

जून महिना होता, गुरुवार १२ तारीख. क्लायंटकडच्या माणसाने तिकडे संध्याकाळी सव्वासहाला मेसेज टाकला: डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलात बदल आहेत, आज रात्री दहाला करून टाका. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ होती, पावणेसात. मी तो वाचला साडेनऊला, चहाचा कप हातात घेऊन. आज रात्री दहा, म्हणजे अजून बारा तास आहेत. मी उत्तर दिलं, 'ठीक आहे, आज रात्री दहाला करतो.' त्याने अंगठा दाखवला. दोघेही समाधानी.

त्याचे गुरुवार रात्रीचे दहा म्हणजे आपले शुक्रवार सकाळचे साडेदहा. मी मेसेज वाचला तेव्हा माझ्याकडे बारा नव्हे, एक तास होता. तो एक तास मी दुसऱ्या कामात घालवला. शुक्रवारी रात्री दहाला आमच्या टीममधल्या मुलाने स्क्रिप्ट चालवली. तेव्हा कॅलिफोर्नियात शुक्रवार सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऑर्डरी घ्यायची ऐन वेळ. टेबलाला कुलूप लागलं, ऑर्डर टाकायच्या पानावर गोल फिरत राहिलं, आणि पहिला फोन आला तेव्हा आम्ही इकडे 'झालं बहुतेक' म्हणत डबे धुवत होतो. चाळीस मिनिटं साइट अडकली. नंतर दोन तासांची मीटिंग, तीही आपल्या मध्यरात्री.

त्या मीटिंगमध्ये चूक कुणाची हे ठरवता येईना, कारण लेखी पुरावा दोघांच्याही बाजूने होता. त्याने 'आज रात्री दहा' लिहिलं, मीही तेच लिहिलं. आम्ही एकमेकांचा शब्द परत केला आणि त्याला होकार समजलो. शब्द जुळला, वेळ जुळली नाही. म्हणून आलेला शब्द तसाच परत लिहिणं ही पडताळणी नाही, हे नव्यांना मी वेगळं सांगते. 'नोटेड' आणि अंगठा तर त्याहून वाईट.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. कुणीही 'टुनाइट' लिहिलं की उत्तरात मी ती वेळ उलगडून लिहिते:

'शुक्रवार १३ जून, सकाळी १०:३० पुणे. म्हणजे गुरुवार १२ जून, रात्री १०:०० कॅलिफोर्निया. बरोबर?'

वार, तारीख, वेळ, शहर. आणि हे सगळं दोन्ही बाजूंचं. वार आणि तारीख दोन्ही का, असं विचारतात. कारण एकात चूक झाली की दुसऱ्याशी जुळत नाही आणि वाचणारा लगेच थांबतो. 'गुरुवार १३ जून' असं लिहून गेलं तर समोरचा विचारतो, 'गुरुवार की १३?' नुसतं १३ असतं तर त्याने विचारलं नसतं. शहर का, तर जूनमध्येही लोक सवयीने पीएसटी लिहितात. ती हिवाळ्यातली वेळ, उन्हाळ्यात पीडीटी असते, आणि शब्दशः घेतलं तर एक तास सरकतो. 'कॅलिफोर्निया वेळ' लिहिलं की तो वाद उरत नाही.

डोक्यात करायचं असेल तर माझा जुगाड असा: सकाळ-रात्र उलटवा आणि उन्हाळ्यात अर्धा तास वजा करा, हिवाळ्यात दीड तास. पुण्याचे सकाळचे साडेदहा, उलटवले की आदल्या रात्रीचे साडेदहा, वजा अर्धा, दहा. तो अर्धा तास पुष्कळजण खाऊन टाकतात आणि 'बारा तासांचाच तर फरक' म्हणतात. असल्या माणसाने ठरवलेल्या मीटिंगला मी आधी कॅलेंडर उघडून बघते. महत्त्वाची वेळ असेल तर मीही डोक्यावर विसंबत नाही, लिनक्सवर सरळ विचारते:

```
TZ=America/Los_Angeles date -d '2025-06-13 10:30 +0530'
```

याचं उत्तर १२ जून, रात्रीचे दहा असं येतं. घड्याळाचा उन्हाळा-हिवाळा ते स्वतःच बघतं.

आता 'पुढच्या सोमवारी'. हा शब्द एकाच गावातसुद्धा धड नाही. बुधवारी कुणी म्हणालं 'पुढच्या सोमवारी भेटू', तर पाच दिवसांनी की बारा? डब्याच्या वेळी मी हा प्रश्न टाकला तेव्हा टेबलावर सरळ दोन पक्ष पडले आणि भाजी गार झाली. 'येत्या सोमवारी' त्यातल्या त्यात बरा, पण तोसुद्धा लिहिणाऱ्याच्या दिवसावर टांगलेला. क्लायंट रविवारी संध्याकाळी सातला लिहितो, 'येत्या सोमवारी रिव्ह्यू'. त्याच्या मनात उद्याचा दिवस आहे. आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडून साडेसात वाजलेत. वाचणारा म्हणतो, आज सोमवार आहे, म्हणजे येता सोमवार आठवड्यानंतरचा. एक आठवडा उडाला, आणि दोघांनीही भाषा बरोबरच वापरली होती. यावर औषध एकच, तारीख लिहा. दोन अंक आणि महिन्याचं नाव टाइप करायला किती वेळ लागतो? महिना आकड्यात मात्र नको: ०४/०५ आपल्याला ४ मे, अमेरिकेला ५ एप्रिल.

'परवा' हा खास आपला खड्डा. मागचा परवा आणि पुढचा परवा, दोघांना एकच शब्द. बोलताना क्रियापद सांभाळून घेतं, 'परवा आला' आणि 'परवा येईल'. चॅटवर क्रियापद गळतं आणि उरतं 'परवा टेस्टिंग'. झालं की व्हायचंय? शिवाय आपण 'परवाच तर बोललो' म्हणतो तेव्हा तो परवा गेल्या महिन्यातलाही असू शकतो. सिंगापूरच्या मराठी सहकाऱ्यालाही मी हा शब्द लिहीत नाही, फरक अडीच तासांचाच असला तरी.

घरचंही असंच. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. शनिवारी रात्री दहाला त्याने आईला लिहिलं, 'उद्या सकाळी फोन करतो'. सांगलीत तेव्हा रविवार सकाळचे साडेसात. आईने उद्याचा अर्थ सोमवार घेतला, बरोबरच घेतला, आणि रविवारी संध्याकाळी देवळात गेली. त्याचा फोन साडेसहाला वाजत राहिला. सोमवारी ती सकाळभर फोन जवळ घेऊन बसली. आता तो 'रविवारी, तुझ्या संध्याकाळी साडेसहाला' असं लिहितो. घरच्यांसाठी दोन्हीकडची वेळ कशाला, ऐकणाऱ्याची पुरे. हिशोब लिहिणाऱ्याने करावा.

'शनिवारी रात्री दीडची फ्लाइट' असं कधीही सांगू नका. पंचांगाच्या सवयीने आपला वार सूर्योदयापर्यंत चालतो, तिकिटावरचा रात्री बाराला बदलतो. रात्री दीड म्हणजे तिकिटावर रविवार असेल, तर 'रविवार ०१:३०, म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं' असं अख्खं लिहा. मुदत द्यायची तर 'रात्री बारापर्यंत' नको, '२३:५९' लिहा.

दर आठवड्याच्या मीटिंगचं दुखणं वर्षातून दोनदा उठतं. भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं वेळ पक्की आहे. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. फिनिक्ससारख्या ठिकाणी बदलतच नाही. ब्रिटनमध्ये मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्यामुळे २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च या तीन आठवड्यांत लंडन आणि कॅलिफोर्नियातलं अंतर आठाऐवजी सात तास होतं. तिघांची मीटिंग असेल तर कुणीतरी रिकाम्या खोलीत बसतं. म्हणून 'नेहमीच्या वेळी' हे शब्द मी आमंत्रणातून काढून टाकलेत. मी लिहिते, 'कॅलिफोर्नियाचे सकाळचे साडेआठ कायम. पुण्यात रात्री ९. सोमवार २ नोव्हेंबर २०२६ पासून रात्री १०.' घड्याळ कुणाचं धरायचं ते एकदा ठरलं की उरलेले आपापलं बघतात.

आणि हो, आयएसटी. आपल्याला वाटतं ती आपली, पण इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. सीएसटी तर शिकागोचीही आणि चीनचीही; मुंबईकराला त्यात स्टेशन दिसतं ते वेगळंच. 'ईओडी', म्हणजे 'दिवस संपेपर्यंत', त्याबद्दल तर बोलायलाच नको.

लोक म्हणतात, ऑनलाइन असतानाच बोलतोय ना, मग 'तासाभरात' चालेल. तुम्ही ऑनलाइन आहात हो, पण तो मेसेज स्क्रीनशॉट होऊन तिसऱ्या ग्रुपवर जातो आणि तिथे कुणीतरी सहा तासांनी तो वाचून तासाभराची वाट बघत बसतो. मी 'पुणे १७:०० पर्यंत' लिहिते. मागच्या आठवड्यात नव्या मुलाने विचारलं, 'मॅडम, उद्या सुट्टी घेऊ का?' मी सवयीने विचारलं, 'कुठली तारीख?' तो समोरच्याच खुर्चीत बसला होता.