सहसंशोधक नेमले, तरी निर्णय कोणाचे? सहभागी संशोधनात या चुका टाळा

ज्या वस्तीवर किंवा ज्या गटावर अभ्यास करायचा, तिथल्याच माणसांना सहसंशोधक म्हणून सोबत घेण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. प्रस्तावात त्याचा उल्लेख असतो, निधी देणारेही ते आवर्जून विचारतात. पण अहवाल हाती आल्यावर पाहिलं, तर बऱ्याचदा असं दिसतं की सहसंशोधकांनी मुलाखती घेतल्या, घरोघरी फिरून माणसं मिळवून दिली, आणि विचार करण्याचं काम मात्र विद्यापीठातच झालं. अमेरिकी धोरण अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी नुसती बनवाबनवी आहे, मधे माहिती देणं आणि मत विचारणं आहे, आणि वर भागीदारी, सोपवलेले अधिकार व नागरिकांचं नियंत्रण आहे. आपण भागीदारीच्या पायरीवर आहोत असं समजणारे पुष्कळ प्रकल्प खरं तर मत विचारण्याच्या पायरीवरच अडकलेले असतात.

सत्ता विद्यापीठाकडून वस्तीकडे सरकली की नाही हे कोण किती कामं करतं त्यावरून कळत नाही. कोणता निर्णय कोणी घेतला, त्यावरून कळतं. एक उदाहरण घेऊन बघू. समजा, एका वस्तीतल्या गरोदर स्त्रिया आरोग्य केंद्रातल्या तपासण्या मधेच का सोडतात, हा अभ्यास आहे. विद्यापीठाच्या दोन संशोधक आहेत आणि वस्तीतल्या सहा स्त्रिया सहसंशोधक आहेत. एकूण चोवीस मुलाखती घ्यायच्या आहेत.

प्रश्न आधीच ठरलेला असणं

पहिली चूक सहसंशोधक येण्याच्या आधीच झालेली असते. निधीचा अर्ज भरताना प्रश्न लिहावाच लागतो, म्हणून तो लिहिला जातो: ‘स्त्रिया तपासणी का सोडतात?’ या प्रश्नात दोष कुठे शोधायचा हे ठरून गेलेलं आहे. तो स्त्रियांमध्ये शोधायचा. सहसंशोधकांशी आधी बोलणं झालं असतं, तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या, ‘केंद्रात गेल्यावर काय होतं, ते विचारा ना.’ अभ्यास तोच, पण आता केंद्रही तपासाच्या कक्षेत येतं.

अर्ज तर आधीच करावा लागतो, मग करायचं काय? अर्जात प्रश्न ढोबळ ठेवायचा आणि पहिले दोन-तीन महिने ‘प्रश्न निश्चित करणे’ या टप्प्यासाठी स्पष्टपणे राखायचे. त्या टप्प्याचे पैसेही अंदाजपत्रकात दाखवायचे. प्रश्न बदलला, तर मुलाखतीची प्रश्नावली नैतिकता समितीकडे दुरुस्तीसाठी पुन्हा पाठवावी लागेल, हे वेळापत्रकात धरायचं. हा वेळ धरला नाही, तर सहसंशोधकांची सूचना पटूनही ‘आता उशीर झाला’ म्हणून ती बाजूला पडते.

पैसे मुलाखतीमागे देणं

मुलाखतीमागे ठराविक रक्कम दिली की काम लवकर उरकण्याकडे कल जातो. सहज भेटणारी, गप्पिष्ट माणसं निवडली जातात. दिवसभर घराबाहेर असणारी किंवा बोलायला कचरणारी बाई सुटते. म्हणून मोबदला तासावर द्यावा. प्रशिक्षण, बैठका, प्रवास, भेट न झाल्यामुळे मारलेला हेलपाटा आणि विश्लेषण हे सगळं तासांत मोजावं. लिप्यंतराचा, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून मुलाखत शब्दशः लिहून काढण्याचा, हिशेब तर हमखास चुकतो. एका तासाच्या मुलाखतीचं लिप्यंतर करायला साधारण चार ते सहा तास लागतात. प्रवासखर्च आगाऊ द्यावा, पावत्या जमा करून नंतर मिळवण्याची अपेक्षा ठेवू नये. कोणी सरकारी मदतीवर जगत असेल, तर या मोबदल्यामुळे ती मदत कमी होणार आहे का, हे काम सुरू होण्याआधी तपासावं.

शेजारणीला मुलाखतकार बनवून विषय सोडून देणं

ही चूक सगळ्यात जास्त त्रास देते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. वस्तीतली बाई वस्तीतल्या बाईशी मोकळेपणाने बोलते, हे पुष्कळदा खरं असतं. पण कधी नेमकं उलटही होतं. बाहेरून आलेली संशोधक मुलाखत घेऊन निघून जाते. सहसंशोधक मात्र उद्याही पाण्याच्या रांगेत भेटणार असते. घरातल्या मारहाणीबद्दल किंवा आधीच्या गर्भपाताबद्दल सांगितलेलं तिच्यासमोर कायम राहणार, ही भीती सांगणाऱ्या बाईला असते. आणि सहसंशोधकेलाही जे ऐकलं ते विसरता येत नाही. प्रकल्प संपला तरी ते ओझं तिच्याकडेच राहतं.

गडबड होते आहे हे ओळखायची खूण अशी: एकाच सहसंशोधकेच्या मुलाखती बाकीच्यांपेक्षा सातत्याने छोट्या येतात, नाजूक प्रश्नांची उत्तरं एका ओळीत संपतात, किंवा आधी होकार दिलेल्या स्त्रिया ऐनवेळी ‘आज नको’ म्हणतात. तिला प्रश्न विचारता येत नाहीत असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी बघा, ती कोणाच्या घरी गेली होती.

उपाय साधे आहेत, पण ते आधीच करावे लागतात. नावांची यादी आधी सहसंशोधकांपुढे ठेवा आणि नातं, उधारी किंवा भांडण असलेल्या घरांवर कारण न सांगता फुली मारायची मुभा द्या. ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांनाही विचारा: ओळखीची चालेल, पलीकडच्या भागातली हवी की बाहेरची? वस्तीच्या दोन टोकांच्या सहसंशोधकांची अदलाबदल केली, की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मुलाखतीत जिवाला धोका असल्याचं कळलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, गुप्ततेची मर्यादा कुठे संपते, हे संमती घेतानाच समोरच्या बाईला सांगितलेलं असावं. आणि अवघड मुलाखत झाली, तर सहसंशोधकेशी त्याच दिवशी कोणीतरी बोलायला हवं. आठवड्याच्या बैठकीपर्यंत थांबू नये.

सहसंशोधक निवडताना कोणाचा शब्द चालला हेही इथेच पाहायला हवं. वस्तीतल्या पुढाऱ्याने सहा नावं दिली आणि ती सहाही त्याच्या गोतावळ्यातली निघाली, तर विद्यापीठाची सत्ता थोडी कमी होऊन पुढाऱ्याची वाढते. ज्या बायकांनी तपासणी सोडली, त्यांना त्यात वाटा मिळत नाही. निवडीचे निकष जाहीर करा आणि लिहिता-वाचता येण्याची अट शक्यतो काढून टाका, कारण तिच्यामुळे नेमकी तीच माणसं गळतात.

कोडिंग विद्यापीठात नेणं

मुलाखती संपल्या, लिप्यंतरं तयार झाली. आता सगळं संगणकावर चढवून दोघी संशोधक कोड लावतात, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्याचा अर्थ सांगणारं छोटं नाव देतात, आणि महिनाभराने सहसंशोधकांना निष्कर्ष ‘दाखवायला’ बोलावतात. तोवर अर्थ लागलेला असतो. समोरच्याकडे मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही.

आपल्या उदाहरणात समजा पाच स्त्रियांनी सांगितलं, ‘वेळ मिळाला नाही.’ संशोधकांनी कोड लावला: कामाचा ताण. कोड शब्दांशी जुळतो, त्यात काही चूक दिसत नाही. पण तेच उतारे सहसंशोधकांनी वाचले, तेव्हा एक म्हणाली, यातल्या तिघी लसीकरणाच्या दिवशी बाळांना घेऊन न चुकता येतात. मग वेळ फक्त तपासणीच्या दिवशीच कसा नसतो? बोलता बोलता निघालं की त्या दिवशी रांग उघड्या पडवीत लागते, वजन मोठ्याने पुकारलं जातं आणि रक्ताच्या तपासणीचा निकाल सगळ्यांदेखत विचारला जातो. आता दोन शक्यता समोर आल्या. त्या तपासता येतात: पुढच्या मुलाखतींत तपासणीच्या दिवसाबद्दल वेगळं विचारता येतं, केंद्रात बसून रांग पाहता येते. कामाचा ताण हा कोड तसाच राहिला असता, तर शिफारस आली असती घरोघरी जाऊन जागृती करण्याची, आणि पडवीतली रांग होती तिथेच राहिली असती.

हे घडवायचं, तर पहिल्या चार-पाच मुलाखती होताच विश्लेषणाला बसावं, सगळ्या संपायची वाट पाहू नये. नावं काढून उतारे मोठ्या अक्षरांत छापून पट्ट्या कापाव्यात. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचावी, दोनदा. सहसंशोधकांनी जोडीजोडीने पट्ट्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतःच्या शब्दांत नाव द्यावं. विद्यापीठाच्या लोकांनी सगळ्यात शेवटी बोलावं. हे पाळणं फार जड जातं, कारण शांतता पसरली की आपण लगेच एखादी संकल्पना पुढे करतो आणि तिथून पुढे सगळे त्याच चाकोरीत बोलू लागतात.

एक सावधगिरी इथे हवीच. स्थानिक वाचन म्हणजे आपोआप खरं वाचन नव्हे. ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ असं म्हणून सहसंशोधक कधीकधी पुरावा ओलांडून जातात. ‘नवरा किंवा सासू जाऊ देत नाही’ असं सांगणाऱ्या पट्ट्या वस्तीची बदनामी होईल या काळजीने हळूच बाजूलाही पडतात. म्हणून प्रत्येक गट झाल्यावर एकच प्रश्न सगळ्यांना विचारावा, विद्यापीठाच्या लोकांनाही: या म्हणण्याच्या विरोधात जाणारी पट्टी कोणती? मतभेद मिटला नाही, तर दोन्ही वाचनं अहवालात शेजारी शेजारी छापावीत.

माहिती कोणाची, हे शेवटी ठरवणं

अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे ते स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरल्याचं उघड झालं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 2010 मध्ये 7 लाख डॉलरची भरपाई व उरलेले नमुने परत देण्यावर तडजोड झाली. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समूहांनी 1998 मध्ये आपल्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा प्रत्यक्ष ताबा अशी चार तत्त्वं मांडली. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील सान समाजाने 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली.

आपला प्रकल्प लहान असला, तरी पहिल्याच महिन्यात एका पानाचा लेखी करार करून ठेवा. कच्ची ध्वनिमुद्रणं कोणाकडे राहतील आणि कधी पुसली जातील, नव्या कामासाठी वापरायची तर कोणाची परवानगी लागेल, लेखात नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने येतील, छापण्याआधी मजकूर वाचायला सहसंशोधकांना किती दिवस मिळतील, आणि त्यांनी हरकत घेतली तर पुढे काय होईल, हे त्यात असावं. हरकत घेण्याचा हक्क दिला की निष्कर्ष दडपले जातील, अशी भीती अनेकांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: ओळख पटेल असा तपशील काढून टाकण्याचा अधिकार पूर्ण, न पटलेल्या निष्कर्षाबाबत मात्र तो रोखण्याचा नव्हे, तर त्याशेजारी आपलं म्हणणं छापून घेण्याचा अधिकार.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक साधी निर्णयवही पुरते. तारीख, निर्णय काय, सुचवला कोणी, ठरवला कोणी, आणि त्यामुळे काय बदललं, एवढेच रकाने. दर महिन्याला सगळ्यांसमोर ती वाचा. विद्यापीठाच्या संशोधकांना सुरुवातीला नको होता असा एकही निर्णय त्यात तीन महिन्यांत सापडला नाही, तर पुढच्या मुलाखती थांबवा आणि सहसंशोधकांना, विद्यापीठाचं कोणीही हजर नसताना, स्वतंत्र बैठक घेऊ द्या. त्या बैठकीचे तासही मोबदल्यात धरा.