गोळ्यांची उत्तरपत्रिका वाचण्याआधीची तयारी

आमच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका शंभर प्रश्नांची आहे, पंचवीस-पंचवीसच्या चार उभ्या रांगा. प्रत्येक प्रश्नाला A ते D असे चार गोळे, मुलाने त्यातला एक रंगवायचा आणि पान स्कॅन करून प्रोग्रामने ते वाचायचं. स्कॅन २०० डीपीआयला आणि करड्या छटांत करून घ्या. निव्वळ काळा-पांढरा स्कॅन केला तर खोडलेला गोळा आणि रंगवलेला गोळा एकसारखेच दिसतात. कोपऱ्यांतले चार काळे चौकोन कापले गेले नाहीत ना, तेही पाहा. तिरकं आलेलं पान त्यांच्याच आधाराने सरळ करायचं असतं.

मग कोऱ्या पत्रिकेवर मोजमाप घ्या. आमच्याकडे पहिल्या प्रश्नाच्या A चा मध्यबिंदू डावीकडून २१० आणि वरून ५२० पिक्सेलवर येतो. पुढचा पर्याय ४८ पिक्सेल उजवीकडे, पुढचा प्रश्न ५६ खाली, पुढची रांग ३५० उजवीकडे. प्रश्न ६३ चा C शोधू. ६२ ला २५ ने भागलं की भागाकार २, बाकी १२. म्हणजे तिसरी रांग, तेरावी ओळ. डावीकडून २१० + ७०० + ९६ = १००६, वरून ५२० + ६७२ = ११९२. उलट दिशेने, रांग आणि ओळ शून्यापासून मोजून:

```
q = col * 25 + row + 1
```

इथेच बहुतेकांची फसगत होते. प्रोग्राम पान आडवं वाचतो आणि २६ व्या प्रश्नाचं उत्तर प्रश्न २ च्या नावावर टाकतो. म्हणून A, B, C, D, पुन्हा A, B अशी प्रश्नांच्या क्रमाने रंगवलेली एक चाचणी पत्रिका आधी वाचून बघा. पण प्रश्न-उत्तराच्या पहिल्या चार जोड्या बरोबर आल्या म्हणून हुरळून जाऊ नका. या नमुन्यात २६ ला B, ५१ ला C, ७६ ला D येतो, त्यामुळे आडवं वाचलं तरी पहिले चार जुळतातच! चूक पाचव्या प्रश्नावर उघडी पडते: A हवा तिथे B येतो.

रिकामा गोळाही पूर्ण पांढरा नसतो, कडा आणि आतलं अक्षर धरून आमच्या छपाईत तो सुमारे २० टक्के काळा भरतो. त्यामुळे एकच ठरलेली मर्यादा लावण्यापेक्षा त्याच प्रश्नातले चार गोळे एकमेकांशी ताडून बघा. B ८१ आणि बाकीचे विशीत असतील तर सरळ B. B ८१ आणि D ६४ असेल तर मुलाने मत बदलून नीट खोडलं नसेल, किंवा खरोखरच दोन रंगवले असतील. ते यंत्रावर सोडू नका, त्या जागी * लिहून पान डोळ्यांनी बघा.

कोरा प्रश्न वगळायचा मात्र नाही, त्याचीही जोडी लिहायची:

```
63,C
64,-
65,*
```

प्रत्येक पत्रिकेच्या बरोबर शंभर ओळी झाल्या का ते मोजा आणि मगच उत्तरसूची लावायला घ्या.