टार्गेट हुकलं आहे, सोमवारी सांगायचं आहे: आधीच्या चार दिवसांची तयारी

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शीट मेटल कारखान्यात मी उत्पादन सांभाळतो. इलेक्ट्रिकल पॅनेलची लोखंडी कपाटं आम्ही बनवतो. एप्रिल ते जून या तिमाहीत १२०० कपाटं पाठवायची होती, ९३० गेली. सोमवारी मालकांसमोर हे मांडायचं काम या वेळी आमच्या शिफ्ट इंजिनिअरकडे आहे आणि तो पहिल्यांदाच उभा राहणार आहे. त्याच्यासाठी ही तयारी लिहून काढली. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे गोल केले आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

गुरुवारी पहिलं काम म्हणजे आकडा पक्का करणं. आमच्याकडे तीन ठिकाणी तीन आकडे निघाले. उत्पादनाच्या रजिस्टरात ९५२, डिस्पॅचच्या चलनांवर ९३० आणि अकाउंट्समध्ये बिलं ९२६. तिन्ही बरोबर होते. २२ कपाटं तयार होऊन गोडाउनात उभी होती आणि चार माल गेल्यावर बिलिंगला राहिली होती. टार्गेट डिस्पॅचचं होतं, म्हणून बोलायचं ते ९३० वरच. पण बाकीचे दोन आकडे का वेगळे दिसतात ते एका ओळीत लिहून जवळ ठेवायचं. आकड्यावरच वाद सुरू झाला की पुढचा अर्धा तास त्यातच जातो आणि कारणांपर्यंत कोणी पोहोचत नाही.

शुक्रवार पूर्ण कारणांसाठी ठेवायचा. तूट २७० ची आहे, तेव्हा प्रत्येक कारणासमोर कपाटांची संख्या हवी आणि सगळ्यांची बेरीज बरोबर २७० यायला हवी. आमच्या इंजिनिअरने पहिल्यांदा मांडलं ते असं: बेंडिंगचं प्रेस ब्रेक मशीन ९ दिवस बंद, रोजची १६ धरून १४४. पावडर कोटिंग सुटल्यामुळे परत करावी लागलेली ७८. मे महिन्यात वेल्डर गावी गेले त्यामुळे ७८. एका ग्राहकाने कमी केलेली ३०. बेरीज ३३०. तूट २७० आणि कारणं ३३० ची. याचा अर्थ ६० कपाटं कुठेतरी दोनदा मोजली गेली होती.

शोधलं तेव्हा दोन जागा सापडल्या. मशीन बंद पडलं तेव्हा वाकवून ठेवलेले पत्रे दोन दिवस पुरतील एवढे शिल्लक होते, त्यामुळे पुढचं काम पहिले दोन दिवस थांबलंच नव्हतं. नुकसान ९ दिवसांचं नव्हे, सातचं, म्हणजे ११२. दुसरं म्हणजे वेल्डरांच्या सुट्यांपैकी काही दिवस मशीन बंद असतानाचेच होते. वाकवलेला पत्राच येत नसेल तर वेल्डर हजर असून करणार काय? ते २८ काढले की वेल्डरांच्या नावावर ५० उरतात. ११२, ७८, ५० आणि ३० मिळून २७०. ही बेरीज जुळेपर्यंत शुक्रवारी घरी जायचं नाही. ती तुटीपेक्षा कमी भरली आणि उरलेल्याचं कारण खरंच सापडत नसेल, तर तेवढा आकडा ‘अजून कळलं नाही’ म्हणून वेगळा दाखवायचा. तो दुसऱ्या कारणात ढकलला तर पुढच्या तिमाहीत ते कारण दूर होतं आणि तूट मात्र तशीच राहते.

आता प्रत्येक कारणाच्या आणखी एक पायरी खाली उतरायचं. ‘मशीन बंद पडलं’ हे कारण म्हणून पुरत नाही. हायड्रॉलिक पंप गेला होता आणि तो बसवायला एकच दिवस लागला. आधीचे आठ दिवस पंप येण्याची वाट पाहण्यात गेले, कारण स्टोअरमध्ये राखीव पंप नव्हता. म्हणजे कारण मशीनचं नसून स्टोअरच्या यादीचं आहे. कोटिंगचंही तसंच. रंग सुटला तो पावडर खराब होती म्हणून नाही. रंगाआधी पत्रा ज्या टाक्यांतून जातो, त्या फॉस्फेटिंगच्या टाकीची रोजची तपासणी मे महिन्यात झालीच नव्हती, रजिस्टरात ते रकाने कोरे आहेत. द्रावणाची ताकद उतरली की पत्र्यावर थर नीट बसत नाही आणि वरचा रंग धरत नाही. पात्याने जाळीसारखे चरे मारून त्यावर टेप चिकटवून ओढली की हे पाच मिनिटांत कळतं. आम्हाला कळलं ते ग्राहकाकडून माल परत आल्यावर.

वेल्डरांच्या कारणावर मी त्याच्याशी जरा कडक बोललो. तो म्हणाला, “सर, ऊन किती होतं यंदा! शेड तं भट्टीच झाली होती.” खरं आहे, आणि त्या शेडमध्ये उभं राहून काम करणाऱ्यांची मला काळजी आहे. पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लग्नसराईत माणसं गावी जातात हे आपल्याला जानेवारीतही माहीत असतं. ते माहीत असून आपण मेमध्येही रोजची १६ धरली. तेव्हा सोमवारी “उन्हामुळे ५० गेली” असं म्हणायचं नाही. “उन्हाळ्याची हजेरी आम्ही नियोजनात धरली नाही, त्यामुळे ५० गेली” असं म्हणायचं. पुढच्या वर्षी काय बदलायचं ते दुसऱ्या वाक्यातूनच निघतं: सकाळी लवकरची पाळी, शेडला कूलर आणि मेचं टार्गेट कमी.

ग्राहकाने कमी केलेल्या ३० ची तारीख तपासायला विसरायचं नाही. त्यांची मेल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, आपला उशीर सुरू होण्याच्या आधीची. म्हणून ते बाहेरचं कारण ठरतं. तीच मेल जूनमध्ये आली असती तर ती आपल्या उशिराचा परिणाम ठरली असती आणि कारणांमध्ये मांडली असती तर ग्राहकावर खोटा आळ आला असता.

परिणामाचं पान छोटं ठेवायचं, पण बुडालेलं आणि लांबलेलं एकात मिसळायचं नाही. एक कपाट १८ हजारांचं, म्हणजे २७० कपाटांचे ४८ लाख ६० हजार. हा आकडा ऐकून समोरच्याला धक्का बसतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० कपाटांचे ५ लाख ४० हजार परत येणार नाहीत. उरलेल्या २४० कपाटांचे ४३ लाख २० हजार उशिरा येणार आहेत, आणि तोवर पत्र्याचे पैसे आपल्या खिशातून गेलेले आहेत. त्याखाली कोणत्या ग्राहकाची किती कपाटं अडली आहेत आणि त्यातल्या कोणाचं साइटवरचं काम थांबलं आहे, ते नावानिशी लिहायचं. मालक पहिल्यांदा हीच नावं विचारतात.

शनिवार भरपाईच्या योजनेचा. “सप्टेंबरअखेर सगळी २४० भरून काढतो” हे वाक्य तोंडातून निघायला फार सोपं आहे, आणि माझ्या पहिल्या नोकरीत मी ते म्हणून बसलो होतो. तीन महिन्यांनी तीच बातमी दुसऱ्यांदा सांगावी लागली, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त अवघड गेलं. म्हणून आधी दिवस मोजायचे. जुलै ते सप्टेंबरचं स्वतःचं टार्गेट १२०० आहेच. पोळा, मारबत, गणपती धरून कामाचे ७२ दिवस हाती राहतात. प्रेस ब्रेक एका पाळीत जास्तीत जास्त १८ कपाटांचं काम देतं, म्हणजे १२९६. टार्गेटवर फक्त ९६ उरतात. बेंडिंगला अर्धी पाळी वाढवली तर अडचण पुढे सरकते आणि कोटिंगच्या भट्टीपाशी थांबते, कारण भट्टीतून दिवसाला २० च निघतात. ७२ गुणिले २० म्हणजे १४४०. कागदावर १२०० आणि २४० बरोबर बसतात. पण त्यात एक दिवस वीज गेली, एक माणूस आजारी पडला, तरी गणित मोडतं.

म्हणून वचन कमी द्यायचं. वाढीव पाळीचे पहिले दोन आठवडे माणसं हाताखाली तयार होण्यात जातील, तेव्हा त्या १२ दिवसांत रोजची १७ धरायची, पुढचे ६० दिवस २०. एकूण १४०४ होतात. आपण १३८० सांगायची: १२०० चालू टार्गेटची आणि १८० मागची. उरलेली ६० ऑक्टोबरअखेर. २४ कपाटांची जी सोय राहते ती पोळ्याच्या हजेरीसाठी आहे, ती आधीच कोणाला देऊन टाकायची नाही. १८० मध्ये आधी कोणाची, हेही आजच ठरवायचं, आणि ज्यांची साइट थांबली आहे त्यांची आधी.

योजनेसोबत धोक्याची खूण द्यायची. जुलैअखेर मागची बाकी २०० च्या खाली आलेली नसेल, तर बेंडिंगचं काही काम जॉबवर्कने बाहेर द्यायचं. त्याचा दर शनिवारीच विचारून ठेवायचा, म्हणजे ऑगस्टमध्ये धावपळ होणार नाही. मालकांकडून हवं काय, तेही नेमकं मागायचं: वाढीव पाळीची मंजुरी, ओव्हरटाइमचा दुप्पट दराने येणारा खर्च, आणि एक राखीव पंप. टाकीच्या रोजच्या तपासणीला मंजुरी लागत नाही, ती शुक्रवारपासून सुरू झाली आहे आणि ते तसंच सांगायचं.

रविवारी संध्याकाळी मालकांना एक फोन. मीटिंगमध्ये चार लोकांसमोर त्यांना ही बातमी पहिल्यांदा कळू द्यायची नाही. फोनवर एवढंच: “साहेब, तिमाहीला १२०० ऐवजी ९३० गेली. २४० लेट आहेत, ३० ची ऑर्डर गेली. कारणं आणि योजना उद्या घेऊन येतो.” ते चिडतील तर तिथेच चिडू द्यावं, मध्ये स्पष्टीकरण द्यायला लागू नये. सोमवारी ते शांतपणे योजना ऐकण्याच्या मनःस्थितीत असतील.

सोमवारी उभं राहिल्यावर पहिलं वाक्य तेच, शब्दही तेच. आधी चांगल्या गोष्टी, मग हळूच तूट, असं करायचं नाही. “मेंटेनन्सने वेळेवर केलं नाही” असं कोणत्याही विभागाचं नाव घेऊन म्हणायचं नाही, मेंटेनन्सवाले समोरच बसलेले असतात आणि राखीव पंपाची यादी आपण सगळ्यांनी मिळून मंजूर केली होती. एखादा आकडा जवळ नसेल तर “तपासून चारपर्यंत कळवतो” म्हणायचं आणि चारच्या आत कळवायचं.

मीटिंग संपली की त्याच दिवशी काय मंजूर झालं, कोणाकडे गेलं आणि कधीपर्यंत, एवढ्या तीन ओळी सगळ्यांना पाठवायच्या. मग शॉप फ्लोअरच्या फळ्यावर खडूने ‘मागची बाकी: २४०’ लिहायचं, आणि दर सोमवारी सकाळी पाळी सुरू होण्याआधी तो आकडा पुसून नवा लिहायचा. पहिल्या दोन सोमवारी तो फारसा हलणार नाही, हेही मीटिंगमध्येच सांगून ठेवायचं.