परिमेय फलनाचा आलेख: आधी अवयव, मग चिन्हतक्ता

f(x) = (x² − x − 2) / ((x − 2)(x − 1)²) हे फलन घ्या. अंशाचे अवयव (x − 2)(x + 1). काहीही कापण्याआधी x = 2 आणि x = 1 या वर्ज्य किमती बाजूला लिहून ठेवा, कारण एकदा (x − 2) कापला की 2 नजरेआड होतो. उरते (x + 1)/(x − 1)². त्यात 2 घातल्यावर 3 येतात, म्हणून (2, 3) येथे पोकळ वर्तुळ काढा. आलेखात तिथे भोक आहे.

x = 1 ही उभी अनंतस्पर्शी रेषा. छेदाची घात मोठी असल्याने आडवी अनंतस्पर्शी y = 0. अक्षांना आलेख (−1, 0) आणि (0, 1) येथे भेटतो.

आता चिन्हतक्ता. −1 च्या डावीकडे ऋण, −1 ते 1 धन, 1 च्या पुढेही धन. (x − 1) चा वर्ग असल्याने 1 पाशी चिन्ह बदलत नाही, म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंनी आलेख वरच जातो. सवयीने एक बाजू खाली नेली जाते. चूक ओळखायची तर x = 0.9 घाला: 190 येतात.

डावीकडची शाखा मला सर्वांत सुंदर वाटते. दूरवर ती x-अक्षाच्या किंचित खाली असते आणि −1 ला पुन्हा अक्षावर येते, म्हणजे मध्ये कुठेतरी तळ हवाच. तो (−3, −1/8) येथे मिळतो. आलेख आडवी अनंतस्पर्शी ओलांडतो, आणि त्यात काहीच चूक नाही. मनाई फक्त उभ्या रेषेला आहे.