सात मजली इमारतीसाठी चाचणी बोअर किती घ्यावेत आणि किती खोल न्यावेत

सांगली-साताऱ्याकडे हमखास मिळणारा एक सल्ला प्रथम बाजूला ठेवावा. शेजाऱ्याच्या पाण्याच्या बोअरला वीस फुटांवर खडक लागला, म्हणून आपल्या चाचणी बोअरलाही तेवढीच खोली पुरेल, असे सांगितले जाते. पाण्याच्या बोअरची मशीन खडकाचा भुगा करून वर फेकते, आणि तो खडक अखंड होता की झिजलेला, हे भुग्यावरून कळत नाही.

बोअरची संख्या ठरवणे सोपे आहे. भारतीय मानक १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीनुसार सुमारे ०.४ हेक्टरच्या, म्हणजे साधारण एकरभर जागेवरील आटोपशीर इमारतीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक असे पाच बोअर पुरतात. २४ मीटर बाय १८ मीटरच्या इमारतीला मी तीन निश्चित आणि दोन राखीव ठेवतो. तिन्ही बोअर एका रेषेत कधीही घेऊ नयेत. त्रिकोणात घेतले तरच खडकाचा उतार कोणत्या दिशेला आहे ते समजते. दोन बोअरमधील खडकाच्या पातळीत दोन मीटरपेक्षा जास्त फरक आला, तर राखीव बोअर त्या दोघांच्या मध्ये घ्यावा. त्यासाठी प्रत्येक बोअरच्या तोंडाची पातळी एकाच स्थिर खुणेवरून मोजलेली हवी.

खरी अडचण खोलीची असते, आणि सुरुवातीच्या काळात मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, रुंदीच्या दीडपट खोली पुरते, हा नियम सर्वांना पाठ असतो. अडीच मीटरच्या फुटिंगला त्यावरून पायाखाली जेमतेम पावणेचार मीटर येतात. पण हा नियम एकट्या फुटिंगचा आहे. कॉलम साडेचार मीटरवर असतील, तर दोन फुटिंगमध्ये दोनच मीटर मोकळी जागा उरते, त्यांचे दाब खाली एकमेकांत मिसळतात आणि जमिनीच्या दृष्टीने संपूर्ण इमारत हाच एक पाया ठरतो. म्हणून खोली इमारतीच्या रुंदीवरून काढावी, असे माझे ठाम मत आहे.

सांगलीत कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीवर, खाली पार्किंग आणि वर सात मजले असलेली तीच २४ बाय १८ मीटरची इमारत धरून हिशेब पाहू. आठ स्लॅब, प्रत्येकी चौरस मीटरला सुमारे १.२ टन आणि पायाचे वजन मिळून दाब १० टन होतो. पाया दोन मीटर खोल आहे. खाली जाताना हा भार दर मीटरला लांबी-रुंदीत एकेक मीटर पसरतो असे मानले, तर पायाखाली २३ मीटरवर तो ४७ बाय ४१ मीटरवर विभागला जातो आणि वाढीव दाब चौरस मीटरला २.२४ टन उरतो. पुराचा विचार करून पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत धरावे. मग बुडालेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे ०.९ टन धरता २५ मीटर खोलीवर मातीचा स्वतःचा दाब २२.५ टन असतो. वाढीव दाब याच्या एक दशांशाखाली आला, की तेथून खालची माती इमारतीच्या खचण्यात फारशी भर घालत नाही. म्हणून खडक लागला नाही, तर निदान पहिला बोअर २५ मीटरपर्यंत न्यावाच, आणि तो लिफ्टजवळ, सर्वाधिक भाराच्या जागी घ्यावा. बाकीच्यांची खोली त्याचा निकाल पाहून ठरवावी.

खडक लवकर लागला तर बोअर थांबवता येतो. मात्र एसपीटीत, म्हणजे ठोके देऊन नळी जमिनीत घुसवण्याच्या चाचणीत, हातोड्याचे ठोके पडूनही नळी पुढे सरकत नाही, एवढ्यावरून तो खडक मानू नये. साताऱ्यात डोंगरउताराच्या जागी मुरमात बेसाल्टचे मोठे गोटे अडकलेले असतात. त्यांच्यावर नळी अशीच अडते, गोट्याचा कोअर, म्हणजे कापून काढलेला दगडाचा दंडगोल तुकडा, तोही उत्तम निघतो, आणि त्याच्याखाली पुन्हा मुरूम असतो. डायमंड बिटने किमान तीन मीटर सलग कोअर काढल्याशिवाय यंत्र हलवू देऊ नये, आणि एका बोअरमध्ये तरी पाच मीटर काढावा, कारण बेसाल्टच्या दोन थरांमध्ये मऊ लाल थरही सापडतो. यंत्र एकाएकी झपाट्याने खाली जाऊ लागले, परत येणाऱ्या पाण्याचा रंग तांबूस झाला किंवा पाणी परत येणेच थांबले, तर तीन मीटरची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.

हे सर्व कंत्राटात आधीच लिहावे लागते. एकूण बोअरची ठोक रक्कम ठरवली, की लवकर थांबण्यातच कंत्राटदाराचा फायदा असतो. म्हणून माती आणि खडक यांचे प्रतिमीटर वेगळे दर घ्यावेत, राखीव बोअरचे मीटरही अंदाजपत्रकात धरावेत, आणि कोअरच्या पेट्या स्वतः पाहिल्याशिवाय बोअर बंद करण्यास परवानगी देऊ नये.