अकरावीत पास व्हायला अजून किती मार्क लागतात? हिशोबातल्या या चुका टाळा

वार्षिक परीक्षेच्या आधी मी माझ्या अकरावी कॉमर्सच्या वर्गात हे बोलते, तसंच इथे टाकतेय.

बसा सगळे, वही काढा. आपलं अर्थशास्त्र घेऊ. पहिली चाचणी 25ची, सहामाही 50ची, दुसरी चाचणी 25ची आणि वार्षिक 100ची, म्हणजे लेखी 80 अधिक प्रोजेक्टचे 20. सगळे मिळून 200, त्याला 2 ने भागलं की विषयाचे मार्क. पासिंग 35 म्हणजे 200 पैकी 70, हा 70 आकडा आधी मोठा लिहून ठेवा.

समजा एकाला 8, 14 आणि 9 मिळालेत. झाले 31. 70 वजा 31, उरले 39. प्रोजेक्टला 17 मिळाले तर लेखीत 80 पैकी 22 हवेत, झालं.

आता चूक कुठे होते ते बघा. बरेच जण टक्के काढतात, 32, 28, 36, आणि वार्षिकचे धरून चारांची सरासरी 35 यावी म्हणून 44 लागतील असं सांगतात, पण 25ची चाचणी आणि 100ची वार्षिक यांचं वजन सारखं नाहीये ना, म्हणून टक्के काढूच नका, नुसते मिळालेले मार्क मिळवा. काही जण तर वार्षिकला 35 आले की पास असं धरून चालतात, या मुलाला 35 मिळाले तर बेरीज 66 होते, 4 मार्कांनी राहिला की तो!

सगळ्यात जास्त महागात पडते ती गैरहजेरी. पहिली चाचणी बुडवली आणि फेरपरीक्षा दिली नाही तर तिथे शून्य धरतात, ते 25 मार्क एकूणातून कमी होत नाहीत. मागे एका मुलीने 175 वर हिशोब केला होता, 14 आणि 9 मिळून 23, 175 चे 35 टक्के म्हणजे साधारण 62, म्हणून 39 लागतील असं तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं. खरे लागत होते 47. वही बघितली तेव्हा परीक्षेला आठवडा होता म्हणून बरं, नाहीतर 8 मार्क कमी पडले असते आणि तिला कळलंही नसतं का ते.

पासिंग सोडून 60 टक्के हवेत? मग 120 वजा 31, म्हणजे 89. प्रोजेक्टचे 17 गेले की लेखीत 80 पैकी 72, अवघड आहे पण होऊ शकतं. 75 टक्क्यांना मात्र 119 येतात. उत्तर 100 च्या वर गेलं तर आधी बेरीज परत तपासा, ती बरोबर असेल तर तेवढे टक्के या विषयात आता येणार नाहीत, या मुलाला जास्तीत जास्त 65.5 पर्यंतच जाता येतं.

आणि प्रोजेक्टचे मार्क अजून कळले नसतील तर मनाने 20 धरू नका, 12 धरा. चला, आता प्रत्येकाने आपापले तीन आकडे लिहा, मी बाकांमधून येतेय बघायला.